न भेटलेल्या सहकाऱ्याचा वाढदिवस

पुण्यातून टोरांटोतल्या मराठी सहकारी बाईंना शुभेच्छा द्यायच्या आहेत, पण ओळख फक्त पडद्यावरची. नुसतं ‘हॅपी बर्थडे’ कोरडं वाटतं. वयाची, घरची चौकशी आगाऊपणाची. सोबत केलेल्या कामातली एक खरी आठवण मात्र दोघांचीही असते:

‘वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा! मार्चअखेरीस हिशेब जुळत नव्हता, तेव्हा तुम्ही शांतपणे एकेक नोंद तपासून दाखवलीत. ते अजून आठवतं. आजचा दिवस मजेत जावो.’

एवढं पुरे. याच निरोपात ‘ती फाइल पाठवाल का?’ असं जोडलं, की शुभेच्छा निव्वळ निमित्त ठरतात. जूनमध्ये तिथे सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे ६:३० झालेले असतात. निरोप त्या सुमारास धाडावा.