तीन विहिरी आणि एक शोषखड्डा

राल्फ हीथ यांची एक पुस्तिका माझ्याकडे गेली पंधरा वर्षे आहे. १९८३ साली अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने ती आपल्या ‘वॉटर-सप्लाय पेपर’ मालिकेत २२२० या क्रमांकाने छापली. माझी प्रत म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, त्यामुळे आकृत्यांतल्या बारीक रेघा पुसट झाल्या आहेत. तरीही एका आकृतीवर माझी नजर पुन्हा पुन्हा जाते. तीन विहिरी, त्यांतल्या पाण्याच्या उंच्या २६.२६, २६.२० आणि २६.०७ मीटर, आणि त्यांच्यामधून काढलेला एक बाण. जमिनीखालचे पाणी कुठे चालले आहे हे तो बाण सांगतो. म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या विहिरीतला सगळा फरक १९ सेंटीमीटरचा, एक वीत जेमतेम, आणि त्यावरून दिशा ठरवायची!

युक्ती मुळात साधी आहे. टेबलाचे तीन पाय कधी डुगडुगत नाहीत, चौथा आला की डुगडुगतो. तीन बिंदूंतून एकच सपाटी जाते. विहिरींतल्या पाण्याचे तीन पृष्ठभाग एकाच कललेल्या सपाटीवर आहेत असे मानले, की तिचा कल काढता येतो आणि पाणी त्या कलाने उतरते. खाणीतली माणसे कोळशाच्या थराचा उतार तीन बोअरवरून असाच काढत आली आहेत. जर्मन भूजलतज्ज्ञ तर याला सरळ ‘त्रिकोण’च म्हणतात.

हीथची आकृती पाहून हा खेळ आपल्या गावात करून बघायची हुक्की मला आली, आणि तिला कारणही मिळाले. देवळाच्या विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला होता. विहिरीपासून शंभर मीटरवर, ईशान्येला, एका घराचा नवा शोषखड्डा होता. घराचे मालक नात्याने माझे काका लागतात. त्यांचे म्हणणे ठाम होते: “जमीन मळ्याकडे उतरते. पाणीही तिकडेच जाणार. देवळाशी माझ्या खड्ड्याचा संबंध काय?” जमीन खरोखरच आग्नेयेला, मळ्याकडे उतरते. पाऊस पडला की पाणी तिकडेच वाहते, हे सगळ्या गावाने पाहिले आहे. विरुद्ध पक्षाकडे फक्त वास होता.

वस्तीत तीन विहिरी होत्या. उत्तरेला थोरली विहीर, तिच्या बरोबर दक्षिणेला २३० मीटरवर देवळाची, आणि पूर्वेच्या अंगाला मळ्यातली, थोरलीपासून २५६ आणि देवळापासून १६३ मीटर. त्रिकोण बऱ्यापैकी भरला. तिन्ही विहिरी एका ओळीत असत्या तर सपाटी ठरलीच नसती, कारण त्या ओळीभोवती ती कशीही फिरवता येते.

मी टेपला वजन बांधून तिन्ही विहिरींच्या काठापासून पाणी मोजले. थोरलीत ६.४२ मीटर, मळ्यात ४.२६, देवळाच्या विहिरीत ५.८५. घरी येऊन कागदावर आकडे मांडले, रेषा ओढल्या, आणि बाण काढला. तो पश्चिमेला, थोडा उत्तरेकडे झुकून निघाला. म्हणजे भूजल चढावर चालले होते! काकांनी कागद पाहिला आणि काही न बोलता चहा मागवला.

चूक नवशिक्याची होती आणि ती मी हीथची पुस्तिका समोर ठेवून केली होती. काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर ही काही पाण्याची उंची नव्हे. मळ्यातली जमीनच सखल, म्हणून तिथे पाणी हाताला जवळ लागते. याचा अर्थ ते पाणी उंचावर आहे असा नाही. तिन्ही काठ एकाच पायापासून मोजले नसतील, तर तीन खोल्या म्हणजे तीन वेगवेगळ्या फूटपट्ट्यांवरची मापे होतात. चुकीच्या बाणाची खूणही ठरलेली असते: तो जमिनीच्या चढाकडे, बहुतेकदा उताराच्या नेमका उलट निघतो.

मग गवंड्याला बोलावले. त्याच्याकडची लेव्हल पाईप, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी. देवळाची खालची पायरी १०० मीटर धरली आणि टप्प्याटप्प्याने नळी पुढे नेत तिन्ही काठांपर्यंत आलो. पुन्हा पायरीवर परत येऊन बेरीज जुळते का पाहिले, तर १ सेंटीमीटरचा फरक निघाला, तो चालण्यासारखा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला असता तर एवढ्यावर निभावले नसते. प्रत्येक काठावर जिथून टेप सोडली तिथे लाल ऑइल पेंटची खूण केली. काठ कधी सरळ नसतो, आणि खुणेशिवाय पुढच्या वेळी दुसरीच जागा मोजली जाते.

काठांच्या उंच्या आल्या: थोरली १०१.८४, मळ्यातली ९९.३६, देवळाची १००.३५. त्यातून खोली वजा केली की पाण्याची खरी उंची मिळते. थोरलीत ९५.४२, मळ्यात ९५.१०, देवळाच्या विहिरीत ९४.५०. आता चित्र पालटले. सर्वांत जवळ पाणी असलेली मळ्यातली विहीर मधली निघाली, आणि सर्वांत खाली देवळाची.

पुढचे काम शाळेतल्या त्रैराशिकाचे. सर्वांत उंच आणि सर्वांत खाली असलेल्या विहिरींच्या मधल्या रेषेवर मधल्या विहिरीइतकी उंची कुठे येते, ते शोधायचे. थोरलीपासून देवळापर्यंत पाणी ०.९२ मीटर उतरते. ९५.१०वर यायला ०.३२ मीटर उतरायला हवे. २३० मीटरांना ०.३२ भागिले ०.९२ या प्रमाणात कापले की ८० मीटर येतात. थोरलीपासून ८० मीटरवर एक खूण करायची आणि तिथून मळ्यातल्या विहिरीपर्यंत रेघ ओढायची. या रेघेवर सगळीकडे पाणी ९५.१०वर आहे, म्हणजे ही समपातळी रेषा. पाणी तिच्या काटकोनात उतरते. देवळाच्या विहिरीपासून या रेषेवर लंब टाकला तर तो १२० मीटरांचा आला. तेवढ्या अंतरात पातळी ०.६० मीटर उतरते, म्हणजे उतार ०.००५: दोनशे मीटरांना एक मीटर. दिशा नैर्ऋत्येच्या जवळपास, दक्षिणेपासून ३७ अंश पश्चिमेकडे.

देवळाच्या विहिरीतून त्या बाणाच्या उलट, ईशान्येला शंभर मीटर मागे गेलो की आपण नेमके काकांच्या शोषखड्ड्यावर येतो. जमीन आग्नेयेला उतरत होती आणि भूजल नैर्ऋत्येला. वस्तीच्या त्या बाजूला ओढा खोल कापत गेला आहे. पावसाळ्यानंतर बरेच दिवस त्याच्या काठातून पाणी झिरपते, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. भूजल बाहेर पडायची वाट त्या बाजूला होती, आणि नांगरून सपाट केलेल्या मळ्याच्या उताराला तिचे काही सोयरसुतक नव्हते.

काका लगेच मानले नाहीत, आणि त्यांचा आक्षेप बरोबर होता. “तुझा बाण एवढा नेमका असेल, तर चार बोटांची चूक झाली की कुठे जाईल?” मी हिशेब करून दाखवला. मळ्यातल्या पाण्याची उंची ५ सेंटीमीटर इकडेतिकडे झाली तर ८० मीटरांची खूण ६७ ते ९३ मीटरांच्या दरम्यान सरकते, आणि बाण तीन अंशांनी वळतो. खड्डा त्याच्या टप्प्यातच राहतो. पण हाच प्रश्न हीथच्या आकृतीला विचारला तेव्हा मी चक्रावलो. तिथे सगळा फरक १९ सेंटीमीटरचा. मधली खूण पहिल्या विहिरीपासून ६८ मीटरवर येते, आणि ५ सेंटीमीटरच्या चुकीने ती ११ मीटरवर किंवा १२४ मीटरवर जाऊ शकते. तिथला बाण आमच्यापेक्षा कितीतरी जास्त वळेल. पुस्तिकेत तो निश्चिंत दिसतो, कारण तिथली मापे सेंटीमीटरपर्यंत नीट घेतलेली आहेत असे गृहीत आहे. आमच्या गावात उतार चांगला होता म्हणून गवंड्याच्या नळीवर भागले. खारपड, सपाट जमिनीवर ती नळी घेऊन गेलो असतो तर आकडे आले असते, दिशा आली नसती.

दुसरी परीक्षा चौथ्या विहिरीची. तीन पायांचे टेबल कधी डुगडुगत नाही, म्हणून ते खोटे असले तरी तीन विहिरींवरून कळत नाही. देवळाच्या वायव्येला एक जुना आड आहे. आमच्या सपाटीनुसार त्यात पाणी ९४.८४वर हवे होते. मोजले तर ९४.७९. पाच सेंटीमीटर चुकले, पण एकाच थरातले पाणी आहे असे म्हणायला पुरेसे. त्याच आडाशेजारच्या बोअरमध्ये मात्र पाणी साडेतीन मीटर खाली. आपल्याकडच्या बेसाल्टमध्ये दोन थरांच्या मध्ये लाल गेरूचा पापुद्रा असतो, त्यातून पाणी फार हळू उतरते. वरच्या मुरमाचे पाणी वेगळे, खालचे वेगळे. बोअरचा आकडा विहिरींत मिसळला असता तर त्या बोअरकडे धावणारा एक बाण मिळाला असता, दिसायला अगदी पटण्यासारखा.

काळवेळही सांभाळावी लागते. शेतीला वीज रात्री असायची, पंप रात्रभर चालायचे, आणि सकाळी विहीर भरत असायची. आम्ही दोन दिवस पंप बंद ठेवायला सांगितले आणि तिन्ही मापे एका तासात घेतली. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात मोजते. मे महिन्यात मळ्यातली विहीर कोरडी पडते, आणि तेव्हा माझ्याकडे त्रिकोणच उरत नाही.

बाण दिशा सांगतो, वेग नाही. त्यासाठी मुरमातून पाणी किती सहज जाते ते लागते. दिवसाला ४ मीटर पारगम्यता आणि शंभरात दोन भाग पोकळी धरली तर वेग दिवसाला १ मीटर येतो, म्हणजे खड्ड्यापासून विहिरीपर्यंत शंभर दिवस. पण पारगम्यता दहापटीने चुकणे या खडकात नवलाचे नाही, मग दहा दिवस किंवा हजार दिवस. विस्कॉन्सिनचे गणिताचे प्राध्यापक चार्ल्स स्लिक्टर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यावर नामी उपाय काढला होता. वरच्या अंगाच्या विहिरीत नवसागर टाकायचा, खालच्या अंगाला पंख्यासारख्या काही विहिरी ठेवायच्या, आणि त्यांत विजेचा प्रवाह कधी वाढतो ते पाहायचे. १९०२ सालच्या त्यांच्या अहवालात हे सारे आहे. पण पिण्याच्या विहिरीकडे जाणाऱ्या पाण्यात नवसागर टाकायला गाव मानेना, आणि मीही तो आग्रह सोडला.

खड्डा त्याच हिवाळ्यात घराच्या नैर्ऋत्येला, देवळाच्या विहिरीच्याही पलीकडे, भूजलाच्या उताराच्या खालच्या अंगाला नेला. काकांनी कुणाचेच नाव घेतले नाही. पुढच्या ऑक्टोबरात त्यांचा फोन आला. टेप त्यांनी स्वतः लावली होती.

“देवळाची विहीर २.९१ मीटर,” ते म्हणाले. “पण लिहायच्या आधी ऐक. कठड्यावर नवी फरशी बसवलीय, तुझी लाल खूण खाली गेली. चार सेंटीमीटर जाड आहे. मी फरशीवरून मोजलंय.”