असं का होतं? : दहाचे एकदम वीस

यवतमाळात आमच्या चौकातल्या चर्मकाराकडे चपलेचा अंगठा शिवायला कित्येक वर्षं दहा रुपये पडत. परवा त्याने वीस मागितले.

"बारा घे ना भाऊ."

"तुमी पंधरा देसान, मंग तीन सुट्टे कुठून आनू?" आरीत दोरा ओवत तो म्हणाला.

पावसाळ्यात फुगलेलं दार ढकललं तरी हलत नाही आणि मग धाडकन उघडतं. भावाचंही तसंच होतं. समजा, दहापैकी दोन रुपये दोरा-सोल्युशनला जात होते. ते चार झाले की मजुरी आठावरून सहावर येते. तरी भाव हलत नाही, कारण दहाची नोट सोयीची असते आणि पलीकडचा चर्मकार अजून दहाच घेत असतो. मग भावाऐवजी काम आटतं: दोरा बारीक होतो, सहाऐवजी चारच टाके पडतात. माझा अंगठा महिन्यात दोनदा उसवला तो त्यामुळेच असावा.

दोन रुपये वाढवा की दहा, गिऱ्हाइकाशी हुज्जत तेवढीच. मग एकदाच घालून पुढची काही वर्षं का मिटवू नये?

काडेपेटीही 2007 पासून एक रुपयावर अडली होती. डिसेंबर 2021 मध्ये ती थेट दोन रुपयांची झाली, तीही उत्पादकांनी एकत्र बसून ठरवल्यावर. एकट्याने वाढवलं तर गिऱ्हाईक शेजारी जातं.

"आन् पलीकडचा?" मी विचारलं.

"त्याले कालच सांगतलं."