भागीदाराचा शनी आपल्या गल्ल्यात

दोन पत्रिका शेजारी ठेवून 'जमेल की नाही' हे सांगायचा धंदा मी चाळीसेक वर्षं करतो आहे. लग्नाच्या पत्रिका हजारांनी पाहिल्या, पण त्या आता आठवतही नाहीत. मन रमलं ते धंद्यातल्या भागीदारांच्या पत्रिकांत. दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'मेलनशास्त्राचा आढावा' मागितला आहे. त्यांचा मान राखून आढावा घेतो, पण माझं घोडं शेवटी माझ्याच गोठ्यात जाणार हे त्यांनाही ठाऊक आहे.

इतिहास दोन घासांत उरकतो. दोन माणसांच्या कुंडल्या एकमेकींशी ताडून पाहण्याची रीत फार जुनी. टॉलेमीने आपल्या ग्रंथाच्या चौथ्या भागात विवाह, मैत्री आणि वैर या विषयांत तिची चर्चा केली आहे. आपल्याकडे मेलन म्हणजे विवाहमेलन एवढंच रूढ झालं. सत्तरीच्या दशकात पाश्चात्त्यांत दोन पत्रिकांचे मध्यबिंदू काढून तिसरीच पत्रिका बनवण्याची टूम आली. रॉबर्ट हँडचं त्यावरचं पुस्तक १९७५ चं. मी ते पद्धतशीर करून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. दोन भागीदारांच्या मधोमध जन्मलेला तो तिसरा कोण, आणि तोट्यात त्याचा वाटा किती, हे मला कधी कळलं नाही.

आता भांडणाचा भाग. आमच्याच मंडळींतले काही जण भागीदारांचेही छत्तीस गुण काढतात. नावं घेत नाही, त्यांची पाटी मोठी आहे. पण विचार करा. छत्तीसातले आठ गुण एकट्या नाडीचे, आणि नाडी पाहायची ती संततीसाठी. दोन पुरुष मिळून स्टीलच्या भांड्यांचं दुकान टाकताहेत, त्यांची नाडी एक निघाली म्हणून आठ गुण कापायचे? शिवाय आठही कूटं चंद्राच्या राशी-नक्षत्रावर उभी. लग्न कोणतं, धनस्थानात कोण, याचा त्यात पत्ताच नाही. भागीदारी चंद्रावर चालत नाही, ती गल्ल्यावर चालते.

दुसरा पक्ष सप्तमस्थानवाल्यांचा. सप्तम हे भागीदाराचं स्थान, म्हणून दोघांचे सप्तमेश पाहायचे आणि निकाल द्यायचा. हे चूक नाही, अर्धवट आहे. भागीदार कसा मिळेल हे सप्तम सांगतं. पण हा समोर बसलेला माणूस माझ्या घरात शिरला तर कुठल्या खोलीत जाऊन बसेल, हे त्याचे ग्रह माझ्या स्थानांत मांडल्याशिवाय कळत नाही.

मांडणी सोपी आहे. पहिल्याची कुंडली काळ्या शाईने काढायची, नेहमीसारखं लग्न वरच्या मधल्या चौकात. मग दुसऱ्याचे ग्रह, ज्या राशीत असतील त्याच राशीत, तांबड्या शाईने लिहायचे. झालं, दुसऱ्याचा प्रत्येक ग्रह पहिल्याच्या कोणत्या ना कोणत्या घरात जाऊन बसला. पण इथे थांबायचं नाही. दुसरा कागद घ्यायचा आणि हेच उलट करायचं. पुष्कळांचं चुकतं ते इथे. ते एकच कागद करतात आणि 'दोघांचं चांगलं जमतं' म्हणून मोकळे होतात. हे दोन कागद म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी असतात. मी तुमच्या घरात लक्ष्मी घेऊन आलो म्हणजे तुम्हीही माझ्याकडे तीच घेऊन याल असं नाही. भागीदारी मोडते ती बहुतेक वेळा या दोन कागदांमधल्या फरकावर.

आणि पाहायचं काय? आधी द्वितीय आणि अष्टम. द्वितीय म्हणजे आपला गल्ला, साठवलेला पैसा. अष्टम म्हणजे परक्याचा पैसा: कर्ज, तारण, दुसऱ्याच्या सहीने आपल्यावर आलेली देणी. आपल्या १९३२ च्या भागीदारी कायद्यात पेढीच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. एकाने पेढीच्या नावाने कर्ज काढलं की बँक दुसऱ्याच्या दारात उभी राहू शकते. माझ्या लेखी हे अष्टमस्थानच आहे, वकिलांनी कायद्याच्या भाषेत लिहिलेलं.

एक प्रकरण सविस्तर सांगतो, कारण त्यात माझी चूक आहे. इचलकरंजीचे दोघे. एक सूत आणायचा, बाजार सांभाळायचा, उधारी वसूल करायचा. त्याला सूतवाला म्हणू. दुसऱ्याचा जीव मागांत, कुठल्या मागाचा आवाज बदलला ते तो अंथरुणात पडल्या पडल्या सांगायचा. तो मागवाला. माझ्याकडे आले तेव्हा सोळा मागांची शेड उभी करायचं ठरलं होतं आणि भागीदारीपत्राचा मुद्रांक विकत घेऊन झाला होता. लोक ज्योतिष्याकडे मुद्रांक घेतल्यावरच येतात.

सूतवाल्याचं लग्न वृषभ, सव्वीस अंश. मागवाल्याचा रवी कुंभेत, म्हणजे सूतवाल्याच्या दशमात. मागवाल्याचा गुरू मिथुनेत, म्हणजे सूतवाल्याच्या धनस्थानात. पहिला कागद पाहून मी खूश. या माणसाच्या हातगुणाने सूतवाल्याचं बाजारात नाव होणार आणि गल्ला भरणार.

आता उलटा कागद. मागवाल्याचं लग्न सिंह. सूतवाल्याचा शनी कन्येत आठ अंशांवर. राशी मोजली तर सिंहेपासून कन्या दुसरी, म्हणजे शनी थेट मागवाल्याच्या गल्ल्यावर. सूतवाल्याचा गुरू मीनेत, तो मागवाल्याच्या अष्टमात. परक्याचा पैसा याच्यामार्फत येणार, सहज आणि मोठा. शनी गल्ल्यावर आणि गुरू कर्जाच्या घरात, ही जोडी मला बरी वाटली नव्हती.

पण मी नुसत्या राशीवर थांबत नाही, भावचलित काढतो. आपल्या चलितात लग्नाचा अंश हा पहिल्या भावाचा मध्य, त्याच्या मागेपुढे साधारण पंधरा-पंधरा अंशांचा भाव. मागवाल्याच्या आजीने सांगितलं होतं, 'देवापाशी दिवा लावून झाला होता, मग झाला.' त्यावरून काढलेली वेळ धरली तर लग्न सिंह सत्तावीस अंश. म्हणजे पहिला भाव कन्येच्या बारा अंशांपर्यंत पसरला. आठ अंशांवरचा शनी दुसऱ्या भावातून उठून पहिल्यात आला. माझा जीव भांड्यात पडला. मी सांगितलं, 'सूतवाल्याचं तुम्हाला जरा ओझं वाटेल, तो शिस्त लावेल, पण पैशाला धक्का नाही. करा सही.'

पहिली तीन वर्षं बरी गेली. नंतर मागवाला अधूनमधून एकटा येऊ लागला. नफा कागदावर दिसायचा, हातात काही यायचं नाही. उचल मागितली की सूतवाला म्हणायचा, 'आत्ता नको, पैसा धंद्यातच राहू दे, सूत वाढतंय.' सूतवाला लबाड नव्हता, हे मी आजही सांगतो. तो स्वतःही फार उचलत नसे. पण त्याच्या शब्दावर बँकेने कॅश क्रेडिट वाढवत नेलं होतं आणि तारणाला मागवाल्याचं राहतं घर गेलं होतं. भागीदारीपत्रात उचलीचं कलम नव्हतं, पगाराचंही नव्हतं. पत्रात पगार लिहिलेला नसेल तर कायदा भागीदाराला कामाचा मोबदला देत नाही. बारा-बारा तास मागांवर उभा राहणारा हा माणूस कायद्याच्या दृष्टीने फुकट राबत होता.

एकदा तो तारणाच्या कागदांची पिशवी घेऊन आला. त्या पिशवीत, घराच्या उताऱ्यांच्या घड्यांत, त्याच्या जन्माचा सूतिकागृहातला कागद सापडला. दुमडीवर फाटलेला, शाई तपकिरी झालेली. वेळ आजीने सांगितलेल्या वेळेच्या बत्तीस मिनिटं आधीची. दिवा लागला होता हे खरं, पण त्या दिवशी तो लवकर लावला असणार.

लग्न साधारण चार मिनिटांत एक अंश सरकतं. बत्तीस मिनिटांत सात-आठ अंश. सत्तावीस अंशांचं लग्न एकोणीस-वीस अंशांवर आलं, पहिल्या भावाची हद्द कन्येच्या चार-पाच अंशांवर संपली, आणि आठ अंशांवरचा शनी पुन्हा दुसऱ्या भावात, गल्ल्यावर जाऊन बसला. तिथून त्याच्या तीन दृष्ट्या पाहा: तिसरी चतुर्थावर, म्हणजे राहत्या घरावर, सातवी अष्टमावर, म्हणजे कर्जावर, दहावी लाभावर. तो कागद आधी मागितला असता तर मी 'सही करू नका' म्हटलं नसतं. 'उचलीचं कलम आधी लिहा, चेकवर दोघांच्या सह्या ठेवा, आणि घर तारण देऊ नका' असं म्हटलं असतं. तेवढंच पुरलं असतं असं मला वाटतं. माग विकून कर्ज फिटलं, घर वाचलं. दोघे पुढे एका लग्नात भेटले तेव्हा बोलले नाहीत.

तेव्हापासून माझा नियम आहे. परक्याचा शनी, मंगळ किंवा राहू भावाच्या हद्दीपासून पाच अंशांच्या आत असेल तर मी निकाल देत नाही. आधी वेळ तपासतो. जन्म १९४२ च्या सप्टेंबरपासून १९४५ च्या ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा असेल तर युद्धामुळे घड्याळं तासभर पुढे होती, हे विचारात घेतो. मुंबईकराच्या जुन्या पत्रिकेत वेळ मुंबई टायमाची की स्टँडर्ड, ते विचारतो. तिथे एकोणचाळीस मिनिटांचा फरक पडतो, म्हणजे लग्नाचे नऊ-दहा अंश. हे कळूनही ग्रह हद्दीवरच राहिला तर दोन्ही भावांची फळं सांगतो आणि भागीदारीपत्र दोन्ही धरून लिहायला लावतो.

कुणी म्हणेल, हे सगळं मागाहून जुळवलेलं. म्हणू द्या. २००८ साली नारळीकरांनी पुण्यात मतिमंद आणि हुशार मुलांच्या पत्रिका ज्योतिष्यांना ओळखायला दिल्या होत्या. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली आणि ती सरासरी सेहेचाळीस टक्के बरोबर आली; नाणं उडवलं असतं तर पन्नास आली असती. मी त्यात नव्हतो, आणि आपण असतो तर काय झालं असतं याच्या बढाया मारणाऱ्यांतलाही मी नाही. मी वही ठेवतो, आणि चुकलेली प्रकरणं तिच्यात लाल शाईने लिहितो. इचलकरंजीचं लाल आहे.

आता घरोघरी मोबाइलवर पत्रिका निघते. दोन जन्मवेळा टाकल्या की 'भागीदारी: उत्तम' असं हिरव्या चौकटीत येतं. त्या चौकटीला वेळ सूतिकागृहाची की आजीची, हे विचारायचं सुचत नाही. कागदाची पिशवीही आता कुणी घेऊन येत नाही.

मागच्या आषाढात मागवाल्याचा मुलगा आला होता. मित्राबरोबर डिजिटल छपाईचं युनिट टाकतो आहे, एलएलपी करतो आहे. तीत देणं आपल्या हिश्श्यापुरतं राहतं असं सीएने त्याला सांगितलंय. बँक वैयक्तिक हमी मागेल तेव्हा हिस्सा राहत नाही, हे मी त्याला सांगितलं. त्याने मोबाइल पुढे केला, छत्तीसातले अठ्ठावीस. मी तो पालथा ठेवला, काळी आणि तांबडी दोन पेनं काढली आणि विचारलं, 'मित्राचा जन्म कुठल्या दवाखान्यातला? कागद आहे का?' तो म्हणाला, 'काका, वेळ त्याच्या आत्याने सांगितलीय.' मी पेनांना टोपणं लावली. मुलगा ओट्यावर जाऊन मित्राला फोन करत बसला.