माईकची मागची वाट

गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात हे हमखास दिसतं. गाणं रंगात येतं, गायक आवेशात माईकची गोल जाळी मुठीत आवळतो आणि स्पीकरमधून कर्कश शिट्टी सुटते. साउंडवाला घाईघाईनं आवाज खाली ओढतो, लोक सिस्टीमला नावं ठेवतात. दोष मात्र त्या मुठीचा असतो. जाळीच्या आत आवाज शिरण्याच्या दोन वाटा असतात आणि गायकानं त्यातली एक बुजवलेली असते.

रंगमंचावर सर्रास दिसणारा शुअर एसएम५८ हा १९६६ सालचा माईक या जातीचा. त्याची जाळी फिरवून काढली, की आत छोटी कॅप्सूल दिसते. तिच्या तोंडाशी पातळ पडदा असतो आणि पडद्याच्या मागच्या बाजूला, कडेनं फटी असतात. समोरचा आवाज पडद्यावर थेट आदळतो. तोच आवाज वळसा घालून फटींतून मागच्या बाजूलाही पोचतो. पडदा हलतो तो या दोन दाबांतल्या फरकानं.

खरी करामत फटींच्या आतल्या वाटेत आहे. तिथं आवाजाला मुद्दाम थोडा उशीर लावलेला असतो. किती? बाहेरून फटीपासून पडद्यापर्यंत यायला लागतो, बरोबर तेवढा. हे अंतर दोन सेंटिमीटर धरलं तर तो उशीर सेकंदाचा सुमारे सतरा हजारावा भाग. आता मागच्या स्पीकरचा आवाज घ्या. तो फटीपाशी आधी पोचतो, पण आतल्या वाटेत रेंगाळतो. तेवढ्यात त्याचाच बाहेरचा भाग वळसा घालून पुढून येतो. दोन्ही बाजूंनी एकाच क्षणी सारखाच दाब पडल्यावर पडदा हलणार कसा? मागचा आवाज असा जागीच मिटतो. अगदी बाजूनं आलेला निम्म्यानं उतरतो, समोरचा पूर्ण उमटतो. सगळ्या दिशांची ही मापं कागदावर मांडली की बदामासारखी आकृती होते, म्हणून नाव कार्डिऑइड. एकाच पडद्यात हे साधणारा माईक शुअरचे अभियंते बेंजामिन बाउअर यांनी घडवला आणि तो १९३९ मध्ये ‘युनिडाइन’ नावानं बाजारात आला.

मूठ आवळली की फटी झाकल्या जातात, मागचा दाब पडद्यापर्यंत पोचत नाही आणि माईक चहूबाजूंचं ऐकू लागतो. गायकासमोरच्या मॉनिटरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो. शिट्टी येते ती त्यामुळे.

याच मागच्या वाटेमुळे आणखी एक गंमत घडते. माईक ओठांना टेकवला की साधा आवाजही भारदस्त, खर्जातला वाटतो. त्याचं कारण साध्या हिशोबात सापडतं.

समोरून येणाऱ्या आवाजाला पडद्याच्या मागच्या बाजूला पोचायला बाहेरचे दोन आणि आतल्या उशिराचे दोन, असे चार सेंटिमीटर जादा चालावे लागतात. १००० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट साधारण ३४ सेंटिमीटरची, म्हणून चार सेंटिमीटरमध्ये ती बरीच पुढे सरकते आणि दोन्ही बाजूंच्या दाबांत मूळ दाबाच्या ७२ टक्के फरक पडतो. १०० हर्ट्झच्या खर्जाची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब. चार सेंटिमीटरनं तिचं काय होणार? फरक जेमतेम सात टक्के. हा दुबळा खर्ज बरोबरीला यावा म्हणून पडदा मुळातच खालच्या सुरांना जास्त साथ देईल असा बनवलेला असतो.

आता गायक पाच सेंटिमीटरवर आला. आवाज अंतरानुसार क्षीण होतो. पुढच्या बाजूला अंतर पाच, मागच्या फटीपाशी सात. म्हणजे एवढ्यानंच मागचा दाब सुमारे २९ टक्क्यांनी घटला. ही घट खर्ज असो वा तार, सगळ्या सुरांना सारखीच. १००० हर्ट्झच्या ७२ टक्क्यांवर तिचा फारसा परिणाम होत नाही, पण खर्जाचे सात टक्के एकदम तिशीच्या घरात जातात. चौपट! त्यात पडद्याची आधीचीच साथ. माईक अर्ध्या मीटरवर धरला तर पन्नास आणि बावन्न सेंटिमीटरमधला फरक नगण्य ठरतो आणि आवाज मूळ वळणावर येतो.

निवेदकाला हे वरदान वाटतं, पण शब्दांची स्पष्टता त्यात बुडते. गाताना मान हलली तरी सूर कधी भरतो, कधी पोकळ होतो. एसएम५८ सारख्या माईकमध्ये खर्ज मुद्दाम थोडा उतरवलेला असतो तो यासाठीच. कॉलरला लावायच्या बऱ्याच माईकना मागची वाटच नसते. ते सगळीकडचं सारखं ऐकतात आणि जवळ आणले तरी त्यांचा खर्ज फुगत नाही.

पुढच्या वेळी माईक हातात आला तर दांडा धरा, जाळी मोकळी ठेवा आणि मॉनिटर बरोबर माईकच्या शेपटीमागे येईल असा ठेवून घ्या.