पेटी उशिरा पोहोचणार, हे कळवायचं कसं?

२०१३च्या नाताळात अमेरिकेत कितीतरी घरांत भेटवस्तू वेळेवर पोहोचल्याच नाहीत. खरेदीचे दिवस त्या वर्षी कमी होते, हवामान खराब होतं आणि शेवटच्या क्षणी ऑनलाइन ऑर्डरींचा पूर आला. विमानाने जाणारी पार्सलं आपल्या क्षमतेबाहेर गेली, असं यूपीएस या कुरिअर कंपनीने जाहीर केलं. कारण खरं होतं; पण पार्सलाची वाट पाहणाऱ्याला कंपनीच्या क्षमतेशी काय देणंघेणं? ॲमेझॉनने मात्र अडकलेल्या ग्राहकांना पाठवणीचा खर्च परत दिला आणि वर २० डॉलरचं गिफ्ट कार्ड दिलं. ग्राहकाच्या हातात काहीतरी पडलं ते इथे.

आता हाच प्रसंग आपल्याकडे आणू. समजा, देवगडहून पुण्याला हापूसच्या पेट्या घरपोच देणारा एक छोटा व्यवसाय आहे. सोमवारी रात्री निघालेला टेम्पो घाटात बंद पडला. मंगळवारी सकाळपासून फोन खणखणू लागले. ‘तांत्रिक अडचणीमुळे सेवेत विलंब होत आहे, सहकार्य करावे’ असं इन्स्टाग्रामवर टाकून मोकळं होता येतं, पण त्याने फोन थांबत नाहीत. पेटी कुठे आहे आणि आंबा खराब होईल का, हे दोन्ही प्रश्न तसेच राहतात.

त्यापेक्षा असं लिहावं:

‘सोमवारी देवगडहून निघालेल्या पुण्याच्या पेट्या आज येणार नाहीत. टेम्पो घाटात बंद पडला. माल दुसऱ्या गाडीत चढवला आहे. बुधवारी रात्री ९पर्यंत पेटी मिळेल. आल्या आल्या उघडून आंबे गवतावर मोकळे पसरा. खराब फळ निघालं तर २४ तासांत फोटो पाठवा, त्याचे पैसे परत करू. पेटी नको असेल तर आज संध्याकाळी ६पर्यंत कळवा, पूर्ण रक्कम मिळेल. मंगळवारी निघालेल्या पेट्या वेळेवर आहेत.’

पहिलं वाक्य मुद्दाम तिथे आहे. मोबाइलवर कॅप्शनच्या सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं बोट लावल्यावर उघडतं. दिलगिरीने सुरुवात केली तर मुद्दा घडीतच राहतो. शेवटच्या वाक्याने उरलेल्या ग्राहकांचा जीव भांड्यात पडतो. कच्चा हापूस पेटीतल्या उबेत पिकत जातो, कोंदट गाडीत तर लवकरच. म्हणून पसरण्याची सूचना माफीपेक्षा जास्त कामाची.

सगळ्यात नाजूक गोष्ट वेळेची. गाडीवाला ‘दुपारपर्यंत पोचतो’ म्हणाला म्हणून दुपार लिहू नये. माल उतरवून शहरभर वाटायलाही वेळ लागतो. रात्री ९ लिहून पेटी ६ला आली तर कुणी तक्रार करत नाही. दुपार लिहून ६ला आली, तर दुसऱ्यांदा खुलासा लिहावा लागतो, आणि तो पहिल्याइतक्या सबुरीने कुणी वाचत नाही. वेळ बदललीच, तर जुनी पोस्ट काढून टाकण्याऐवजी तिच्यातच ‘बुधवार, सायंकाळी ५ : नवी वेळ’ अशी ओळ सर्वांत वर जोडावी.