जेलवरच्या पट्ट्यांवरून प्लाझ्मिडचा नकाशा

प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूच्या पेशीत मुख्य गुणसूत्रापासून वेगळा राहणारा डीएनएचा छोटा गोलाकार रेणू. रेस्ट्रिक्शन एन्झाइम हा रेणू ठरावीक अक्षरक्रमापाशीच कापतात; उदाहरणार्थ, इको-आर-वन हा एन्झाइम GAATTC असा क्रम शोधतो. नेमक्या कोणत्या अंतरावर कोणता एन्झाइम कापतो, ते दाखवणारे वर्तुळ म्हणजे रेस्ट्रिक्शन नकाशा. असा नकाशा डीएनएचे एकही अक्षर न वाचता, केवळ तुकड्यांच्या लांबीवरून काढता येतो.

तुकड्यांची लांबी अ‍ॅगरोज जेलवर कळते. विजेच्या प्रवाहात डीएनए धन टोकाकडे सरकतो. छोटे तुकडे पुढे जातात आणि मोठे मागे राहतात. शेजारच्या रांगेत माहीत असलेल्या लांबीचे तुकडे धावत असतात. त्यांच्याशी ताडून प्रत्येक पट्ट्याची लांबी बेस-जोड्यांमध्ये ठरवली जाते. हा अंदाज असतो. पाचेक टक्के इकडेतिकडे होणे नेहमीचेच.

बांगडी एका जागी फोडली तर एकच पट्टी मिळते, दोन जागी फोडली तर दोन. त्यामुळे गोल प्लाझ्मिडमध्ये जितके छेद, तितकेच तुकडे.

पीबीआर-३२२ हे १९७७ साली प्रसिद्ध झालेले प्लाझ्मिड उदाहरणाला घेऊ. इको-आर-वनने ते कापले की जेलवर सुमारे ४३६० बेस-जोड्यांचा एकच पट्टा दिसतो. पीएसटी-वननेही तसेच होते. म्हणजे दोघांचा छेद एकेकच, पण ते एकमेकांपासून किती दूर आहेत हे अजून कळलेले नाही. दोन्ही एन्झाइम एकत्र वापरल्यावर ३६१० आणि ७५० असे दोन पट्टे येतात. दोन छेदांमध्ये एका बाजूने ७५०, तर दुसऱ्या बाजूने ३६१० एवढे अंतर आहे.

आता हिंक-टू. हा एकटा ३२५५ आणि ११०५ असे दोन तुकडे देतो, म्हणजे त्याचे छेद दोन. इको-आर-वनबरोबर वापरला की ३२५५, ६५० आणि ४५५ असे पट्टे दिसतात. ३२५५चा तुकडा शाबूत राहिला आणि ११०५चा नाहीसा झाला. ६५० आणि ४५५ यांची बेरीजही ११०५च येते. तेव्हा इको-आर-वनचा छेद हिंक-टूच्या छोट्या तुकड्यात आहे. पीएसटी-वनबरोबर मात्र २९५५, ११०५ आणि ३०० असे पट्टे येतात. इथे मोठा तुकडा फुटला, म्हणून पीएसटी-वनचा छेद त्यात, एका टोकापासून ३०० अंतरावर आहे.

पण कोणत्या टोकापासून? मोठ्या तुकड्याचे एक टोक इको-आर-वनपासून ४५५वर आहे आणि दुसरे ६५०वर. पीएसटी-वन पहिल्या टोकाजवळ असेल तर दोघांतले अंतर ४५५ अधिक ३००, म्हणजे ७५५ येते. दुसऱ्या टोकाजवळ असेल तर ते ९५० येईल. प्रत्यक्ष जेलवर ७५० दिसले होते, म्हणून पहिलीच मांडणी खरी. उलट्या बाजूनेही पडताळा मिळतो: ६५० अधिक २९५५ म्हणजे ३६०५, जेलवरच्या ३६१०च्या अगदी जवळ. वर्तुळ जुळले. आता इको-आर-वनला शून्य मानून इतर छेद मांडायचे. घड्याळाच्या दिशेने मांडले काय किंवा उलट, केवळ या आकड्यांवरून दोन्ही नकाशे सारखेच बरोबर ठरतात.

प्रत्येक रांगेची बेरीज तपासल्याशिवाय मांडणीला हात घालू नये. बेरीज ४३६०पेक्षा बरीच कमी भरली तर दोन शक्यता असतात. एखादा छोटा तुकडा जेलबाहेर निघून गेला असेल किंवा फिका पडून दिसला नसेल. अथवा सारख्या लांबीचे दोन तुकडे एकाच पट्ट्यात मिसळले असतील. दुसऱ्या शक्यतेची खूण पट्ट्याच्या तेजात असते. तुकडा जितका लांब, तितका रंग जास्त धरतो. म्हणून एखादा छोटा पट्टा वरच्या मोठ्या पट्ट्याहून उजळ दिसला, की तो दुहेरी असल्याचा संशय घ्यावा. बेरीज जास्त भरली तर बहुधा छेदन अर्धवट राहिलेले असते. हिंक-टूच्या रांगेत ४३६०चा फिका पट्टा उरला, तर काही रेणूंना एकच छेद बसलेला आहे. एन्झाइम वाढवून किंवा वेळ वाढवून तो नाहीसा झाला की खात्री पटते.

अगदी जवळच्या छेदांपुढे मात्र ही पद्धत थांबते. पीबीआर-३२२मध्ये हिंड-थ्रीचा छेद इको-आर-वनपासून जेमतेम तीसेक बेस-जोड्यांवर आहे. दोन्ही एन्झाइम एकत्र वापरले तरी नेहमीच्या जेलवर जणू एकच छेद झाल्यासारखा पट्टा दिसतो. तीसचा तुकडा नजरेस पडत नाही. पीएसटी-वनपासून मोजावे, तर ७५० आणि ७८० यांतला फरक जेलच्या चुकीत बुडतो. अशा दोन छेदांचा क्रम ठरवायला तिथली अक्षरेच वाचावी लागतात.