अठ्ठेचाळीस लाखांच्या पत्रात व्हीआरएसचे किती?

स्वेच्छानिवृत्तीच्या पत्रात एक आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो. ‘एकूण लाभ : ४८ लाख ६४ हजार’. पिंपरी-चिंचवड, नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीतल्या पर्मनंट कामगाराने एवढी रक्कम एकत्र कधी पाहिलेली नसते. पत्र घरी जाते, दोन दिवस सगळे घर त्या आकड्याभोवती बोलत राहते. मुलीचे लग्न, गावाकडचे घर, फ्लॅटचे उरलेले हप्ते यांची वाटणीही होऊन जाते. पण त्या आकड्यातला मोठा भाग कंपनी नव्याने देत नसते. तो त्या माणसाचाच असतो, आणि राजीनामा दिला तरी मिळणारा असतो.

नमुन्यादाखल एक माणूस धरू. वय ५२, नोकरी पूर्ण २७ वर्षे, निवृत्तीचे वय ५८. पगाराच्या स्लिपवर मूळ पगार ३४,००० रुपये, महागाई भत्ता १२,०००, घरभाडे आणि बाकीचे भत्ते मिळून २२,०००, म्हणजे एकूण ६८,०००. कपातीच्या बाजूला फंडाचे ५,५२०, व्यवसाय कराचे २०० आणि पतसंस्थेच्या कर्जाचा ८,५०० चा हप्ता. हातात ५३,७८० पडतात.

आता पत्रातले ४८ लाख ६४ हजार फोडून पाहू. त्यात भविष्य निर्वाह निधीचे २१ लाख आहेत, तो त्याचा फंड. ग्रॅच्युइटीचे ७ लाख १७ हजार आहेत. मूळ पगार अधिक महागाई भत्त्याला २६ ने भागून, १५ ने आणि नोकरीच्या वर्षांनी गुणले की कायद्याप्रमाणे हीच रक्कम येते. साठलेल्या रजेचे १ लाख ८४ हजार आहेत. हे तिन्ही वजा केले की उरतात १८ लाख ६३ हजार. व्हीआरएस म्हणतात ती एवढीच रक्कम, आणि तराजूत टाकायची तीही एवढीच.

ही रक्कम येते कुठून? पत्रात लिहिलेले असते, ‘सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी ४५ दिवसांचे वेतन’. इथे वेतन म्हणजे काय, हे व्याख्येच्या परिच्छेदात शोधावे लागते. या पत्रात वेतन म्हणजे फक्त मूळ पगार आणि महागाई भत्ता, म्हणजे ४६,०००. पूर्ण ६८,००० धरले असते, तर हीच रक्कम २७ लाख ५४ हजार झाली असती. दुसरी गोष्ट भागाकाराची. दिवसाचा पगार महिन्याला ३० ने भागून काढला की २६ ने, एवढ्या एका फरकाने या माणसाचे २ लाख ८६ हजार कमी-जास्त होतात. ग्रॅच्युइटीला २६ आणि व्हीआरएसला ३०, असे एकाच पत्रात दोन भागाकार असू शकतात. तिसरा शब्द ‘पूर्ण वर्ष’. २७ वर्षे ८ महिने झालेल्या कामगाराला ग्रॅच्युइटी २८ वर्षांची मिळते, कारण तिथे सहा महिन्यांवरचा काळ वर्ष धरला जातो. व्हीआरएसचा हिशेब मात्र २७ वरच थांबतो. अशा वेळी सुटण्याची तारीख चार महिने पुढे मागून पाहण्यात काहीच गैर नाही.

प्रत्येक योजनेचे सूत्र वेगळे असते. २००० साली सरकारी बँकांनी आणलेल्या योजनेत प्रत्येक वर्षाला ६० दिवसांचा पगार किंवा उरलेल्या महिन्यांचा पगार, यांतली कमी रक्कम होती. २०१९ मध्ये बीएसएनएलने झालेल्या प्रत्येक वर्षासाठी ३५ आणि उरलेल्या प्रत्येक वर्षासाठी २५ दिवसांचा पगार देऊ केला. म्हणून शेजारच्या कंपनीत कोणाला किती मिळाले, या गप्पांवरून काही ठरवता येत नाही.

या १८ लाख ६३ हजारांच्या समोर गमावलेला पगार ठेवायचा. तो हातात पडणारे ५३,७८० नव्हे, कारण कपातीतला फंड आणि कर्जाचा हप्ता हेही त्याचेच पैसे. मोजायचे ते एकूण ६८,०००. त्यात स्लिपवर बहुधा न दिसणारी कंपनीची फंडातली वर्गणी ५,५२० आणि दरमहा वाढत जाणारी सुमारे २,२०० ची ग्रॅच्युइटी मिळवायची. नोकरीची खरी किंमत निघते महिन्याला सुमारे ७५,७००. पगारवाढ यात धरलेलीच नाही.

मग कर. प्राप्तिकरात व्हीआरएसच्या भरपाईपैकी पाच लाखांपर्यंत सूट आहे. ती आयुष्यात एकदाच मिळते, आणि योजना नियमात बसणारी असेल तरच. कामगाराची दहा वर्षे नोकरी किंवा चाळिशी पूर्ण झालेली हवी, त्याच्या जागी नवी भरती होता कामा नये आणि त्याला त्याच व्यवस्थापनाच्या दुसऱ्या कंपनीत कामावर घेता येत नाही. ‘सुटा, मग आपल्याच दुसऱ्या युनिटला कंत्राटावर या’ असे कोणी तोंडी सांगत असेल, तर ही सूट धोक्यात येते. ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत आणि रजेचे पैसे २५ लाखांपर्यंत ठरलेल्या सूत्रानुसार करमुक्त आहेत. आपल्या माणसाला तिथे कर नाही.

कराच्या बाबतीत सर्वांत महाग चूक असते ती तारखेची. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर पडत नाही, त्यामुळे नुसत्या पगारावर या माणसाला शून्य कर आहे. पण तो ३१ मार्चला सुटला आणि रक्कम त्याच वर्षात मिळाली, तर वर्षभराचा पगार आणि व्हीआरएस एकावर एक चढतात. पाच लाखांची सूट आणि ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊनही करपात्र उत्पन्न २१ लाख ४ हजार होते. कर लागतो सुमारे २ लाख ३५ हजार. तोच माणूस एक महिना थांबून ३० एप्रिलला सुटला आणि पैसेही तेव्हाच मिळाले, तर नव्या वर्षात त्याचा एकाच महिन्याचा पगार असतो. दर तेच धरले, तर कर होतो सुमारे ८७ हजार. फक्त तारखेने दीड लाखाच्या घरात वाचतात. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकराचा नवा कायदा असल्याने पत्रावर कलमांचे क्रमांक वेगळे दिसतील. पत्र जुने असो वा नवे, सवलतीचा उल्लेख त्यात लेखी हवा.

कर जाऊन उरले सुमारे १७ लाख ७६ हजार. ७ टक्के व्याजाने ठेवून ही रक्कम सहा वर्षांत संपवायची म्हटली, तर महिन्याला सुमारे ३०,३०० निघतात. नोकरी देत होती ७५,७००. म्हणजे बाहेर दरमहा ४५,००० मिळवून देणारे काम ५८ पर्यंत टिकले, तरच हा सौदा बरोबरीत सुटतो. बावन्नाव्या वर्षी सुरक्षारक्षकाचे काम किंवा छोट्या वर्कशॉपमधली नोकरी त्याला एवढे देईल का, हे पत्रावर सही करण्याआधी दोन-चार ठिकाणी प्रत्यक्ष विचारून यायला हवे. ‘काहीतरी करू’ हा हिशेब नव्हे.

आणि काहीच काम मिळाले नाही तर? मधली सहा वर्षे कशी जातील, ते वर्षावार मांडून पाहू. पतसंस्थेचे २ लाख ६० हजार बाकी असतील, तर ते अंतिम हिशेबातच कापले जातात. उरतात १५ लाख १६ हजार. घरखर्च ४०,०००, त्यात कंपनीचा मेडिक्लेम बंद झाल्यामुळे स्वतःच्या पॉलिसीचे महिना ३,००० धरू आणि खर्च वर्षाला ६ टक्क्यांनी वाढेल असे मानू. व्हीआरएसची रक्कम व्याजासकट पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास संपते. पुढच्या तीन वर्षांना साधारण साडेएकोणीस लाख लागतात. त्यात ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे जातात, आणि तरीही फंडाला हात लावावा लागतो. फंडावर आजचे ८.२५ टक्के व्याज धरले, तर ५८ व्या वर्षी त्याच्याकडे सुमारे २५ लाख उरतात. नोकरीत राहिला असता, तर फंड, ग्रॅच्युइटी आणि रजा मिळून त्याच दिवशी ५३ लाखांच्या आसपास जमले असते, आणि कर्जही पगारातूनच फिटले असते.

ईपीएसची पेन्शन ही दरी भरून काढत नाही. ती पूर्ण मिळते ५८ ला. पन्नाशीनंतर आधी घेता येते, पण प्रत्येक वर्षाला ४ टक्के कपात कायमची बसते. पेन्शनपात्र पगाराची मर्यादा १५,००० असल्याने आणि २०१४ च्या आधी ती ६,५०० असल्याने या माणसाची पेन्शन चार-पाच हजारांच्या पुढे जात नाही.

एवढे पाहून कोणीही म्हणेल, नोकरी सोडूच नये. पण ती नोकरी सहा वर्षे टिकणार आहे का, हा प्रश्न खरा आहे. कारखाना बंद झाला तर कामगाराला कायद्याने प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई मिळते. आपल्या माणसासाठी ती नऊ-दहा लाखांच्या आसपास येते, म्हणजे कर जाऊन उरणाऱ्या व्हीआरएसपेक्षा सुमारे आठ लाखांनी कमी. नोकरीची वर्षाची किंमत नऊ लाख असल्याने, कारखाना आणखी वर्षभर जरी नीट चालला आणि मग बंद पडला, तरी थांबलेला माणूस तोट्यात जात नाही. अट एकच, बंद होताना देणी खरोखर मिळायला हवीत. मुंबईच्या गिरण्यांच्या कामगारांना १९८२ च्या संपानंतर आपल्याच पैशांसाठी किती वर्षे वाट पाहावी लागली, हे महाराष्ट्राला सांगायला नको.

म्हणून कंपनीची तब्येत ओळखण्याची खूण कामगाराच्या मोबाइलवरच आहे. ईपीएफओच्या पासबुकात दर महिन्याची वर्गणी वेळेवर पडते का, ते पाहावे. स्लिपवर फंड कापलेला दिसतो आणि पासबुकात तीन-चार महिने कोरे असतात, तिथे व्हीआरएस घेऊन बाहेर पडणे शहाणपणाचे. पगाराची तारीख सातवरून वीसवर सरकली, कच्चा माल आठवड्याच्या हिशेबाने येऊ लागला, तर त्याचाही अर्थ तोच.

अर्ज केल्यानंतर मन बदलले तर काय, हेही आधी वाचावे. बँकांच्या २००० च्या योजनेत अनेकांनी अर्ज मागे घेतले, बँकांनी ते मानले नाहीत आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ‘एकदा दिलेला पर्याय मागे घेता येणार नाही’ अशी ओळ पत्रात असेल, तर अर्ज हीच शेवटची सही समजावी. गट मेडिक्लेममधून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्जही सुटण्याआधीच द्यावा. साखरेचा किंवा रक्तदाबाचा आजार असलेल्याला नंतर नवी पॉलिसी मिळवणे अवघड जाते.

आपल्या नमुन्याच्या माणसापुरता निवाडा स्पष्ट आहे. फंड वेळेवर भरला जात असेल आणि बाहेर ४५,००० चे काम हातात नसेल, तर त्याने या पत्रावर सही करू नये. सही करायचीच असेल तर वेतनाची व्याख्या, भागाकार आणि सुटण्याची तारीख या तीन गोष्टी युनियनमार्फत लेखी मागून घ्याव्यात आणि तारीख एप्रिलमधली मागावी.